इंडक्शन व्हिडिओचं निवेदन: घाई न वाटणारी स्क्रिप्ट कशी लिहायची?

कंपनीत नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याला एक व्हिडिओ दाखवतात. कंपनी काय करते, शेडमध्ये कसं वागायचं, पगार कधी होतो, कुणाला काय विचारायचं, हे सगळं त्यात असतं. याला इंडक्शन व्हिडिओ म्हणतात आणि त्यात चित्राच्या मागे जो आवाज ऐकू येतो ते निवेदन, म्हणजे व्हॉइस-ओव्हर. या लेखात आपण फक्त या निवेदनाच्या लिखाणाबद्दल बोलणार आहोत. कॅमेरा, एडिटिंग, माइक हे विषय वेगळे आहेत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि इचलकरंजीत राहतो. इथल्या एका विणकाम युनिटसाठी चार मिनिटांच्या अशा व्हिडिओची मराठी स्क्रिप्ट मी लिहिली. त्या कामातली पद्धत, आकडे आणि प्रत्यक्ष वाक्यं इथे देतो. तुम्हाला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, घरच्या कारखान्यासाठी किंवा नोकरीत कुणी "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, एक व्हिडिओ करून दे" असं म्हटलं, तर हीच पद्धत वापरता येईल.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. निवेदन घाईचं वाटतं ते बोलणारा भरभर बोलतो म्हणून नाही. ते घाईचं वाटतं कारण लिहिणाऱ्याने वेळेपेक्षा जास्त लिहिलेलं असतं. वीस सेकंदांच्या दृश्याला तीस सेकंदांचं वाक्य दिलं, तर कितीही चांगला आवाज आणा, तो धावणारच. म्हणून संथपणा रेकॉर्डिंगच्या खोलीत येत नाही, तो कागदावर ठरतो.

ऐकणारा कोण आहे?

इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला. तेव्हापासून इथे मागाचं काम शिकवलं गेलं ते तोंडी. जॉबर नव्या माणसाला मागाजवळ उभा करायचा, एक गोष्ट सांगायचा, त्याला ती करायला लावायचा आणि मग पुढची सांगायचा. आता एअरजेट आणि रॅपियर माग असलेली मोठी युनिट्स आहेत, तिथे एचआरचं ऑफिस आहे आणि पहिल्या दिवशीची माहिती जॉबरच्या आधी व्हिडिओ देतो.

पण व्हिडिओला थांबता येत नाही. समोरच्याला समजलं की नाही हे त्याला दिसत नाही. आणि पहिल्या दिवशी नवा माणूस सहसा हात वर करून "परत लावा" असं म्हणत नाही. त्यातला कुणी सीमाभागातून आलेला, घरी कन्नड बोलणारा असतो. कुणी उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातून आलेला असतो. कुणी मराठीच असतो, पण ऑफिसच्या मराठीची त्याला सवय नसते. चालू मागात हात घालायचा नाही हे वाक्य त्याच्या कानावरून निसटलं, तर त्याची किंमत बोटांनी मोजावी लागते. म्हणून निवेदनात ते थांबणं आपल्यालाच लिहून ठेवावं लागतं.

शब्द मोजू नका, अक्षरं मोजा

इंग्रजी निवेदनासाठी "मिनिटाला अमुक इतके शब्द" असा हिशोब करतात. मराठीत तो फसतो. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. "माग" हा एक शब्द आणि "यंत्रमागधारकांच्यासाठीसुद्धा" हाही एकच शब्द. शब्दांची संख्या सारखी असलेली दोन वाक्यं वाचायला दुप्पट फरकाचा वेळ घेऊ शकतात.

म्हणून लिहिलेली अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. "पूर्ण" म्हणजे दोन अक्षरं, "जोडण्याचा" म्हणजे चार. उच्चारात "माग" मधला "ग" अर्धवट होतो हे खरं, पण आपण सगळीकडे एकाच पट्टीने मोजतोय, त्यामुळे हिशोब बिघडत नाही.

हाताने मोजायचा कंटाळा येत असेल तर हा छोटा पायथन कोड वापरा. फोनवर `Pydroid 3` सारख्या ॲपमध्येही तो चालतो.

```python
import re
text = """धागा तुटला, तर आधी माग बंद करा."""
n = len(re.findall("[अ-हॲ]", text)) - text.count("\u094d")
print(n, "akshare", round(n / 5, 1), "seconds")
```

इथे काय होतंय ते सोपं आहे. सगळी व्यंजनं आणि स्वतंत्र स्वर मोजले, त्यातून हलन्त चिन्हं वजा केली. प्रत्येक हलन्त म्हणजे एक जोडणी, म्हणून एक अक्षर कमी. वरच्या वाक्याचं उत्तर `15 akshare 3.0 seconds` असं येतं.

शेवटच्या ओळीत ५ ने भागलंय, कारण माझ्या संथ वाचनाचा वेग सेकंदाला पाच अक्षरं एवढा आहे. तुमचा आकडा तुम्ही काढा. स्क्रिप्टमधली दहा वाक्यं घ्या. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला सांगताय अशा आवाजात एकेक वाक्य वाचा आणि फोनच्या स्टॉपवॉचवर प्रत्येकाची वेळ घ्या. दोन वाक्यांमधला थांबा मोजू नका. एकूण अक्षरांना एकूण सेकंदांनी भागलं की तुमचा वेग मिळतो. तो साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान असेल तर ऐकणाऱ्याला आरामशीर वाटतं. सहाच्या वर गेला की बोलणारा बस पकडायला निघालाय असं वाटायला लागतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हा कोड आकडे आणि रोमन लिपीतले शब्द मोजतच नाही. हा दोष वाटेल, पण तो उपयोगी आहे. निवेदनाच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक गोष्ट जशी बोलायची तशीच अक्षरात लिहिली पाहिजे. "१२" नाही, "बारा". `UAN` नाही, "यू ए एन". असं लिहिलं की मोजणीही बरोबर येते आणि वाचणाराही अडखळत नाही.

चार मिनिटांत किती मावतं?

चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद. त्यातला निदान चौथा भाग शांत ठेवायचा, म्हणजे चित्र बघायला, ऐकलेलं डोक्यात बसायला आणि दृश्य बदलायला. उरले १८० सेकंद. सेकंदाला पाच अक्षरं धरली तर ९०० अक्षरं. सगळ्या व्हिडिओचं निवेदन एवढंच.

हा आकडा एचआरला दाखवला की पहिली चर्चा सुरू होते, कारण त्यांच्या यादीत वीस-बावीस मुद्दे असतात. एका मुद्द्याला, तो नीट सांगायचा तर, सत्तर ते शंभर अक्षरं लागतात. म्हणजे नऊ-दहा मुद्दे मावतात. बाकीचे काढावेच लागतात.

काय ठेवायचं हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारला: ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्या पाळीत लागेल का? कानातले प्लग, माग बंद करणं, बाहेर पडायचा रस्ता, प्रथमोपचाराची पेटी, जॉबर कोण, जेवणाची सुट्टी, पगाराचा दिवस आणि ईएसआय राहिले. कंपनीचा इतिहास, उलाढाल, पदांची उतरंड आणि रजेचे सविस्तर नियम निघाले. रजेचे नियम महत्त्वाचे नाहीत असं नाही. पण ते परत परत बघावे लागतात, म्हणून त्यांची जागा छापील कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफमध्ये आहे. ऐकलेली गोष्ट उलटून बघता येत नाही.

मालकांचं मनोगत हवंच असेल तर त्याची वेगळी छोटी फाइल करा. ते या ९०० अक्षरांत बसवायला गेलात, तर कात्री सुरक्षिततेवर चालते.

एक वाक्य उलगडून बघू

ऑफिसकडून आलेल्या कागदावर या प्रकारचं वाक्य असतं:

> आस्थापनेत नव्याने रुजू झालेल्या सर्व कर्मचाऱ्यांनी कर्तव्यावर असताना व्यवस्थापनाने पुरविलेली श्रवणसंरक्षक साधने परिधान करणे अनिवार्य असून, यंत्र चालू असताना कोणत्याही परिस्थितीत तुटलेला धागा जोडण्याचा अथवा यंत्राची साफसफाई करण्याचा प्रयत्न करू नये.

कागदावर यात चूक काहीच नाही. मोजलं तर ११३ अक्षरं, म्हणजे जवळजवळ २३ सेकंद, आणि मध्ये श्वास घ्यायला फक्त एक स्वल्पविराम. आता हे कानाने ऐकून बघा. तीन अडचणी दिसतात.

पहिली, यात तीन सूचना आहेत: प्लग घाला, धागा तुटला तर थांबा, साफसफाईला थांबा. तिन्ही एकाच वाक्यात गुंतल्यात. पडद्यावर एका वेळी एकच चित्र असतं. आवाज धाग्याबद्दल बोलतोय आणि चित्रात अजून प्लग दिसतोय असं होतं.

दुसरी, शब्द शेडमधले नाहीत. "श्रवणसंरक्षक साधने" हे मागावर कुणीच म्हणत नाही. शेडमध्ये "माग", "बीम", "कांडी", "जॉबर", "पाळी" हे शब्द चालतात. यातले "बीम" आणि "जॉबर" तर कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्यालाही आधीपासून माहीत असतात. शुद्ध मराठी प्रतिशब्द शोधण्यापेक्षा जॉबरला विचारा, "याला तुम्ही काय म्हणता?" आणि तोच शब्द लिहा.

तिसरी अडचण खास मराठीची आहे आणि सगळ्यात महत्त्वाची. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे येतो. वरच्या वाक्यात "तुटलेला धागा जोडण्याचा अथवा यंत्राची साफसफाई करण्याचा प्रयत्न" इथपर्यंत ऐकणाऱ्याला माहीतच नाही की हे करायचंय की करायचं नाही. उत्तर शेवटच्या दोन अक्षरांत आहे: "नये". आणि बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरतो. बाजूला पंखा किंवा माग चालू असेल तर नेमका तोच शब्द बुडतो. "मागात हात घालू नका" मधलं "नका" गेलं, तर काय उरतं ते बघा.

म्हणून शक्य तिथे "काय करू नका" ऐवजी "काय करा" लिहायचं. "माग चालू असताना धागा जोडू नका" ऐवजी "आधी माग बंद करा". नकार टाळता येतच नसेल तर त्याची चाहूल आधी द्यायची: "चालू मागात कधीच हात घालू नका." यात शेवटचा शब्द बुडाला तरी "कधीच" ऐकलेल्या माणसाला अर्थ लागतो.

या तीन गोष्टी लक्षात घेऊन तेच वाक्य असं झालं, त्याला जॉबरची ओळख जोडली:

| चित्र | निवेदन | अक्षरं | बोलणं | दृश्य |
|---|---|---|---|---|
| शेडच्या दारात उभा कामगार प्लग घालतो | शेडमध्ये जाण्याआधी कानात प्लग घाला. // बाहेर येईपर्यंत ते कानातच ठेवा. | ३० | ६ सेकंद | १० सेकंद |
| धागा तुटतो, हात हँडलकडे जातो, माग थांबतो, मग धागा जोडला जातो | धागा तुटला, तर आधी माग बंद करा. // माग पूर्ण थांबू द्या. // मगच धागा जोडा. // साफसफाई करतानाही हेच. | ४१ | ८ सेकंद | १४ सेकंद |
| जॉबरचा चेहरा, जवळून | हे तुमचे जॉबर. // काही अडलं, तर आधी यांना सांगा. | २० | ४ सेकंद | ८ सेकंद |

पहिल्या दोन ओळींची बेरीज करा. जुन्या वाक्याला २३ सेकंद लागत होते, तेही सलग बोलून. नव्या दोन दृश्यांना मिळून २४ सेकंद लागतात आणि त्यात दहा सेकंद शांतता आहे. वेळ तोच राहिला, अक्षरं ११३ वरून ७१ वर आली. घाई गेली ती इथून.

"माग पूर्ण थांबू द्या" हे वाक्य मुद्दाम वेगळं आहे. साध्या मागाचं हँडल ओढलं किंवा एअरजेटचं लाल बटण दाबलं तरी फिरणारे भाग त्याच क्षणी स्थिर होतीलच असं नाही. बंद करणं आणि थांबणं या दोन वेगळ्या घटना आहेत. जुन्या वाक्यात हा फरक कुठेच नव्हता. वाक्य तोडायला बसलं की अशा सुटलेल्या पायऱ्या आपोआप समोर येतात.

थांबा कुठे आणि किती?

तक्त्यातल्या दोन तिरप्या रेघा म्हणजे थांबा. मी दोनच खुणा वापरतो. एक रेघ म्हणजे अर्ध्या सेकंदाचा श्वास, दोन रेघा म्हणजे दीड ते दोन सेकंद. दोन रेघा प्रत्येक सूचनेनंतर येतात, म्हणजे जिथे बघणाऱ्याने मनातल्या मनात ती कृती करून बघायची असते तिथे. जॉबर एक सांगून थांबायचा, त्याची जागा या दोन रेघांनी घेतली आहे.

हा थांबा स्क्रिप्टमध्ये लिहिलेला नसेल तर वाचणारा तो घेत नाही. माइकसमोर दोन सेकंदांची शांतता फार लांब वाटते, म्हणून माणूस ती नकळत खातो. रेकॉर्डिंग झाल्यावर थांबे उरलेत का, हे मोजायला कॉम्प्युटरवर ही कमांड चालवा:

```
ffmpeg -i voice.wav -af silencedetect=noise=-35dB:d=0.4 -f null -
```

०.४ सेकंदांपेक्षा लांब असलेली प्रत्येक शांतता ती `silence_duration` या नावाने दाखवते. दोन रेघांच्या जागी १.५ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. खोलीत पंखा चालू असेल तर शांतता सापडणार नाही, मग `-35dB` च्या जागी `-30dB` करून बघा.

वेळ कमी पडतोय किंवा आवाज घाईचा वाटतोय म्हणून एडिटिंग ॲपमध्ये आवाज ०.९ पटीने संथ करायचा मोह होतो. तो उपाय चालत नाही. त्याने प्रत्येक अक्षर थोडं लांबतं, पण विचार करायला जागा मिळत नाही. ऐकणाऱ्याला शब्द ओळखायला वेळ नको असतो, शब्दांचं चित्र डोक्यात बनवायला हवा असतो. तो थांब्यातच मिळतो. संथ लांबवलेल्या आवाजात मात्र माणूस पेंगुळतो.

आकडे: बोलायचे कोणते, दाखवायचे कोणते?

आकडा कागदावर छोटा दिसतो आणि तोंडात मोठा होतो. ईएसआयचं उदाहरण घ्या. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि कंपनीकडून ३.२५ टक्के जातात. हे "शून्य पूर्णांक पंच्याहत्तर शतांश टक्के" असं वाचलं तर एकट्या पहिल्या आकड्याला १५ अक्षरं, म्हणजे तीन सेकंद लागतात आणि समजत काहीच नाही. मराठीत याला सरळ शब्द आहे: "पाऊण टक्का". पाच अक्षरं, एक सेकंद. कंपनीचे "सव्वातीन टक्के". पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपले शब्द बाजारात रोज वापरले जातात, निवेदनात ते सोडून दशांशाच्या मागे जायचं कारण नाही. फक्त एक काळजी घ्या: हिंदी आवृत्तीत त्यांचे हिंदी शब्द येतील आणि ज्याला ते कळणार नाहीत त्याच्यासाठी आकडा पडद्यावर हवाच.

ईएसआयचे हे दर १ जुलै २०१९ पासूनचे आहेत. त्याआधी कामगाराचे पावणेदोन आणि कंपनीचे पावणेपाच टक्के होते. म्हणजे असे आकडे बदलतात. म्हणून बदलू शकणारा आकडा एकाच दृश्यात ठेवायचा आणि प्रत्येक दृश्याचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये रेकॉर्ड करायचा, उदाहरणार्थ `07_esi_mr.wav`. दर बदलला तर दहा सेकंदांचं एक वाक्य परत रेकॉर्ड होतं, सगळा व्हिडिओ नाही. जॉबरच्या दृश्यालाही हेच लागू आहे, कारण माणसं बदलतात.

काही आकडे ऐकताना फसतात. "सात" आणि "साठ" हे गोंगाटात सारखेच ऐकू येतात. "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर" मध्ये तर मराठी माणूसही अडकतो. पाळी सातला सुरू होत असेल तर "सकाळचे सात" असं लिहा आणि तोच आकडा मोठ्या अक्षरात पडद्यावर ठेवा.

फोन नंबर मात्र बोलूच नका. दहा आकडे म्हणजे साधारण वीस अक्षरं, चार सेकंद, आणि शेवटचा आकडा येईपर्यंत पहिला विसरलेला असतो. नंबर पडद्यावर दाखवा, आवाजात फक्त एवढं म्हणा: "हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून घ्या." मग सहा-सात सेकंद गप्प राहा. बारा अंकी यू ए एन दाखवतानाही हीच पद्धत. तो कुठे लिहिलेला असतो ते चित्रात दाखवा, वाचून दाखवू नका.

पडद्यावरच्या अक्षरांबद्दल एक नियम पुरतो. पडद्यावर जे लिहिलंय ते आणि आवाज यांचे शब्द एकच असावेत, किंवा पडद्यावर फक्त एखादा शब्द आणि आकडा असावा. पडद्यावर एक वाक्य आणि कानात त्याच अर्थाचं दुसरं वाक्य असलं, की माणूस धड वाचतही नाही आणि ऐकतही नाही.

दुसऱ्या भाषेसाठी जागा

इचलकरंजीतल्या युनिटमध्ये हाच व्हिडिओ हिंदीत आणि बऱ्याचदा कन्नडमध्येही लागतो. चित्रं तीच राहतात, आवाज बदलतो. मराठी निवेदनाने दृश्य काठोकाठ भरलं असेल, तर दुसऱ्या भाषेत एक-दोन शब्द वाढले तरी ते सांडतं. चौथा भाग शांत ठेवायचं हे आणखी एक कारण.

वरचा कोड हिंदीलाही चालतो, कारण लिपी तीच आहे. पण हिंदी वाचणाऱ्याचा सेकंदाचा आकडा पुन्हा काढा, मराठीचा पाच तसाच उचलू नका. कन्नडसाठी अक्षरांची मर्यादा `[\u0c85-\u0cb9]` आणि हलन्त `\u0ccd` एवढा बदल करावा लागतो. भाषांतर करणाऱ्याला नुसतं निवेदन देऊ नका, सगळा तक्ता द्या. कोणत्या वाक्याला किती सेकंद आहेत हे दिसलं की तो त्याच मापाने लिहितो.

तपासायचं कसं?

लिहिणाऱ्याला स्वतःची स्क्रिप्ट नेहमी स्पष्टच वाटते, कारण पुढचं वाक्य त्याला माहीत असतं. म्हणून तपासणी दुसऱ्यावर करायची, आणि व्हिडिओ बनायच्या आधी करायची. कच्चा आवाज फोनवर रेकॉर्ड करा, चित्रांच्या जागी साधे फोटो लावा आणि कामावर नवीन असलेल्या एका माणसाला दाखवा. हेडफोन देऊ नका. फोनच्याच स्पीकरवर, पंखा चालू ठेवून, मधल्या आवाजात लावा. खरा व्हिडिओही बहुतेक वेळा असाच बघितला जाणार आहे. चालू शेडमध्ये मात्र लावू नका. धोट्याच्या मागांच्या शेडमधला आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो, तिथे कुठलंच निवेदन टिकणार नाही. ऑफिसची किंवा जेवणाची खोली हीच या व्हिडिओची जागा.

बघून झाल्यावर "समजलं का?" असं विचारू नका. त्याला उत्तर नेहमी "हो" असंच मिळतं. विचारा, "धागा तुटला तर पहिल्यांदा काय कराल?", "पगारातून ईएसआयचे किती कापणार?", "अडलं तर कुणाकडे जाल?" उत्तर द्यायला तो अडला, तर त्या दृश्याकडे परत जा. तिथे बहुतेक वेळा यातली एक गोष्ट सापडते: एका दृश्यात दोन सूचना, शेडमध्ये न चालणारा शब्द, किंवा खाल्लेला थांबा.

बघत असताना त्याच्या डोळ्यांकडेही लक्ष ठेवा. तो चित्र सोडून खालची अक्षरं वाचायला लागला, तर समजा आवाज त्याच्या पुढे पळतोय. अशा जागी आवाज आणखी संथ करायला जाऊ नका. त्या दृश्यातली दहा अक्षरं कमी करा आणि परत लावून बघा.